‘माहीत नाही’ म्हणजे शून्य नव्हे

आमच्या रुग्णालयातले सर्व डॉक्टर, रेसिडेंट, इन्चार्ज सिस्टर, सिस्टर आणि ब्रदर यांस,

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता कुपोषण जागृती सप्ताहाचं उद्घाटन आहे आणि सुरुवातीची दहा मिनिटं मला बोलायला दिली आहेत. सभागृहात साधारण कोण येणार, ते मला ठाऊक आहे. नाइट करून घरी गेलेली सिस्टर येणार नाही, ओटीत असलेला सर्जन येणार नाही, आणि ज्या रेसिडेंटनं रात्रभर अ‍ॅडमिशन घेतल्या तो आलाच तरी पेंगत बसेल. माझं म्हणणं तर नेमकं याच तिघांशी आहे. म्हणून भाषण आधीच पत्र करून पाठवते आहे. चहाच्या वेळी वाचलं तरी चालेल.

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाट येतो, दंडाला पट्टी लावलेलं मूल येतं. १९८२पासून दर सप्टेंबरात देशात पोषण सप्ताह होतो आणि आपल्याकडेही त्याच चित्राची पोस्टर्स लागतात. ते चित्र खोटं नाही. पण मी जिच्याविषयी बोलणार आहे ती बाई आदिवासी पाड्यातली नव्हती, शहरातली होती, जाड होती, आणि आपल्याच फीमेल सर्जिकल वॉर्डात अडतीस दिवस होती. तिचं नाव मी सांगणार नाही, गावही नाही. ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ती आठवेलच.

वय चौसष्ट. बारा वर्षांचा डायबेटिस. आली ती थकवा आणि दम लागतो म्हणून, हिमोग्लोबिन ७.४. रक्त चढवलं, तपासण्या सुरू झाल्या आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. आतडं अडलेलं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन त्याच रात्री करायला हवं अशी घाई नव्हती. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. बीएमआय काढला तर साडेअठ्ठावीसच्या वर. केसपेपरवर ‘वेल नरिश्ड’ असं लिहिलेलं होतं, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं असतं तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं. आहाराच्या रकान्यात ‘डायबेटिक डाएट’ एवढंच होतं.

तिच्या उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत डायबेटिसच्या ओपीडीची वही होती. त्यात फेब्रुवारीतलं वजन ७८ होतं आणि जूनमधलं ६८. चार महिन्यांत दहा किलो, म्हणजे आधीच्या वजनाच्या जवळजवळ तेरा टक्के. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरणं याला आजच्या आंतरराष्ट्रीय निकषांत गंभीर कुपोषण धरतात, बीएमआय कितीही असो. फक्त सोबत भूक कमी असणं किंवा आजाराचा दाह असणं यातलं एक लागतं. तिच्याकडे दोन्ही होतं. त्याच वहीत जूनच्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं : ‘वजन कमी झाले. छान. असेच चालू ठेवा.’

मी लिहिणाऱ्याला दोष देत नाही. बारा वर्षं तिला वजन कमी कर म्हणूनच सांगितलं जात होतं. पण न चालता, न पथ्य करता वजन का उतरलं, हे कुणी विचारलं नाही.

तिच्या पहिल्या सात दिवसांचं डाएट रजिस्टर मी नंतर बसून काढलं. सात दिवसांत एकवीस जेवणं धरली, नाश्ता मोजून. दुर्बिणीसाठी एक नाश्ता गेला. सीटीसाठी नाश्ता आणि दुपारचं जेवण. कोलोनोस्कोपीच्या तयारीचा अख्खा दिवस फक्त पातळ पाण्यासारखं, म्हणजे तीन, आणि दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. मग ऑपरेशनच्या यादीत नाव लागलं, दुपारी तीनला केस पुढे ढकलली, तोवर नाश्ता आणि जेवण दोन्ही गेलं. एकवीसपैकी नऊ. यातलं एकही एनबीएम स्वतंत्रपणे पाहिलं तर चुकीचं म्हणता येत नाही. (तरी रात्री बारानंतर पाणीही बंद, ही आपली सवय जुनी आहे. पोट नीट रिकामं होणाऱ्या माणसाला भूल देण्याआधी घन आहार सहा तास आणि स्वच्छ पातळ द्रव दोन तास बंद ठेवणं पुरतं, हे भूलतज्ज्ञांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.) पण नऊ एकत्र कुणी मोजत नाही.

उरलेल्या बारा जेवणांत ती काय खात होती? मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ‘ताट तसंच परत येतं हो त्यांचं.’ दोन चहा, चार बिस्किटं, दुपारी वाटीभर वरणभात, रात्री पेज. ढोबळमानानं दिवसाला सहाशे कॅलरी आणि पंधरा ग्रॅम प्रथिनं. तिची गरज सतराशे कॅलरी आणि ऐंशी ग्रॅम प्रथिनांच्या आसपास होती. मुलगी रोज नारळपाणी आणि मोसंबीचा रस आणायची, शनिवारी साबुदाण्याची खीर. मायेनं आणलेलं, पण प्रथिनांच्या हिशेबात यातलं जवळपास काहीच धरता येत नाही. दुधाची खीर होती एवढाच काय तो आधार.

आठव्या दिवशी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. त्यानंतर सहाव्या दिवशी जखमेतून पाणी यायला लागलं आणि खालचे टाके सुटले. मला रेफरन्स आला पंधराव्या दिवशी : ‘जखम भरत नाही, हाय प्रोटीन डाएट सांगणे.’

जखम केवळ पोषणामुळे उघडली असं मी म्हणणार नाही. साखर वर होती, रक्त कमी होतं, गाठ होती. पण मोठ्या ऑपरेशनआधी ज्याचं वजन असं उतरलेलं आहे त्याला सात ते चौदा दिवस नीट खाऊपिऊ घालून मग टेबलावर घ्यावं, कॅन्सर असला तरी तेवढं थांबावं, असं युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेचं सर्जनांसाठीचं मार्गदर्शन आहे. आपल्याला सात दिवस मिळाले होते. तिला बाहेर कुठे थांबवायची गरजही नव्हती, ती आपल्याच पलंगावर होती. ते सात दिवस आपण तिला उपाशी ठेवण्यात घालवले, आणि पंधराव्या दिवशी मला बोलावलं.

आणि मी? त्या वॉर्डातून मी रोज ट्रॉलीबरोबर जात होते. जाड बाई, डायबेटिक डाएट, पुढे. माझाही त्यात तितकाच वाटा आहे, म्हणून हे पत्र ‘तुमचं चुकलं’ या सुरात वाचू नका.

आता दोन प्रश्न. फक्त दोन, आणि रुग्ण दाखल झाल्यापासून पहिल्या चोवीस तासांत विचारायचे. ऑस्ट्रेलियात १९९९ साली तयार झालेली ही चाळणी आहे, एमएसटी म्हणतात, आणि आपल्या नर्सिंग अ‍ॅडमिशन फॉर्मच्या तिसऱ्या पानावर ती आधीपासून छापलेली आहे. पहिला प्रश्न : अलीकडे प्रयत्न न करता वजन कमी झालंय का? नाही म्हणाले तर शून्य. एक ते पाच किलो असेल तर एक गुण, सहा ते दहाला दोन, अकरा ते पंधराला तीन, त्याहून जास्त असेल तर चार. दुसरा : भूक मंदावल्यामुळे जेवण कमी झालंय का? हो म्हणाले तर एक. बेरीज दोन किंवा जास्त आली की रुग्ण जोखमीत, मला कळवायचं. त्या बाईंचे पहिल्याचे दोन, दुसऱ्याचा एक, एकूण तीन झाले असते. पहिल्या रात्री, दीड मिनिटात.

तिचा फॉर्म मी काढून पाहिला. दोन्ही रकान्यांत शून्य होतं. मग आणखी काही केसपेपर चाळले आणि एक गोष्ट लक्षात आली, जी मला या पत्रात सगळ्यात जास्त सांगायची आहे. पहिल्या प्रश्नाला एक उत्तर ‘माहीत नाही’ असं आहे, आणि त्याला दोन गुण आहेत. दोन! म्हणजे ‘माहीत नाही’ एवढ्या एका उत्तरावर रुग्ण जोखमीत जातो. आपल्याकडे मात्र ‘माहीत नाही’ म्हटलं की हात आपोआप शून्यावर जातो. इतर सगळ्या फॉर्मांत माहिती नसली की रेघ मारतो किंवा शून्य लिहितो, तीच सवय इथे आली. चाळणी बनवणाऱ्यांनी मुद्दाम उलटं ठेवलं आहे, कारण ज्याला स्वतःचं वजन माहीत नाही त्याला आपण निश्चिंतपणे सोडू शकत नाही. आणि आपले अर्धे रुग्ण तर असे, की त्यांनी शेवटचा वजनकाटा रेल्वे स्टेशनवर नाणं टाकून पाहिला होता.

म्हणून प्रश्न छापील भाषेत विचारू नका, सिस्टर. ‘अलीकडे अनैच्छिक वजनघट?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार, तेही तुम्हाला बरं वाटावं म्हणून. कपड्यांवरून विचारा. पोलकं सैल झालंय का? लेंग्याची नाडी आधीपेक्षा किती जास्त आवळावी लागते? पट्ट्याला नवीन भोक पाडलं का? अंगठीला दोरा गुंडाळला का? त्या बाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी आत शिवण घेतलेली होती, एकदा नव्हे तर दोनदा. जुनी शिवण उसवल्याची भोकंसुद्धा कापडावर दिसत होती. ते मी पंधराव्या दिवशी पाहिलं. ड्रेसिंग करताना तुम्ही रोज पाहत होतात, फक्त तो वजनाचा पुरावा आहे असं कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

जेवणाचंही तेच. ‘जेवण जातं का?’ याला ठरलेलं उत्तर ‘जातंय की थोडंथोडं.’ त्याऐवजी आकडा विचारा. आधी किती भाकऱ्या खायचात? आता किती? तीनवरून एकीवर आलेला माणूस ‘भूक बरी आहे’ असंच म्हणतो, कारण त्याला आता भूकच लागत नाही, त्यामुळे उपाशीही वाटत नाही. आणि शक्य असेल तर प्रश्न घरातल्या बाईला विचारा. ताट कुणाचं तसंच उठतं हे तिला ठाऊक असतं. रुग्ण स्वतः बाई असेल तर मुलीला किंवा सुनेला, कारण घरातल्या बाईचं ताट बहुतेक वेळा कुणी पाहिलेलंच नसतं.

वजनाविषयी एक. आपल्या केसपेपरांवर अर्धा महाराष्ट्र साठ किलोचा आहे. ‘अंदाजे ६०’ लिहायचं, औषधाचे डोस निघतात, काम होतं. पण अंदाजे साठावरून पुढच्या आठवड्यात काही उतरलं का हे कळायचा मार्गच राहत नाही. उभं राहता येणाऱ्या प्रत्येकाचं वजन काट्यावर घ्या आणि खरोखर घेतलेलं असेल तरच अंदाजे हा शब्द गाळा. उभं राहता येत नसेल तर दंड मोजा. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करायची, हात सैल सोडायचा, टेप टेकवायची, आवळायची नाही. घेर साडेतेवीस सेंटिमीटरहून कमी असेल तर मोठ्या माणसाचा बीएमआय वीसच्या खाली असण्याची शक्यता बरीच आहे. ते आकडे केसपेपरवर लिहा. फॉर्मच्या दोन प्रश्नांत दंड येत नाही, पण मला येऊन पाहायला तेवढं पुरेसं आहे.

पायांना सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा तुम्हाला फसवणार. लिव्हरच्या रुग्णाचं वजन महिनाभर तेच राहतं, आणि त्या महिन्यात मांड्या वाळून जातात. कमी झालेल्या मांसाची जागा पाण्यानं भरलेली असते. अशा वेळी कानशिलाजवळचा खड्डा, गळ्याखालचं वर आलेलं हाड आणि अंगठा व पहिल्या बोटामधला मांसल भाग बघा. तिथे सहसा पाणी साचत नाही.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. ‘अल्ब्युमिन नॉर्मल आहे, म्हणजे पोषण ठीक’ हे कृपा करून सोडा. आणि ‘अल्ब्युमिन दोन आहे, प्रोटीन पावडर द्या’ हेही. इन्फेक्शन किंवा ऑपरेशननंतर अल्ब्युमिन दोन दिवसांत घसरतं, दोन दिवसांत काही कुणी कुपोषित होत नाही. उलट महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या, पण दाह नसलेल्या माणसाचं अल्ब्युमिन बऱ्याचदा ठीक येतं. तो आकडा आजार किती गंभीर आहे हे सांगतो, जेवण किती झालं हे नाही.

पहिल्या चोवीस तासांचा आग्रह कशासाठी, असं मला मेडिसिनच्या एका सरांनी विचारलं. ‘चार दिवसांनी विचारलं तर काय बिघडलं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर स्वित्झर्लंडमधून आलं आहे. तिथल्या आठ रुग्णालयांत मेडिसिनच्या वॉर्डात आलेल्या, पोषणाच्या दृष्टीनं जोखमीच्या दोन हजारांवर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दाखल झाल्यापासून दोन दिवसांच्या आत आहारतज्ज्ञानं गाठलं आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे आहार सुरू केला, दुसऱ्याला रुग्णालयाचं नेहमीचं जेवण. २०१९मध्ये निष्कर्ष आले. तीस दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या जेवणाच्या गटात दहा टक्के होतं, आहारतज्ज्ञानं गाठलेल्या गटात सात. औषध कुठलंही नवं नव्हतं. बहुतेकांना नळीसुद्धा घालावी लागली नाही, तोंडानंच दिलं. पण दोन दिवसांत सुरू करायचं तर पहिल्या दिवशी कळायला हवं, एवढा साधा हिशेब आहे. शिवाय आपल्याकडे चौथ्या दिवसापर्यंत दोन-तीन एनबीएम होऊन गेलेले असतात.

उशिरा कळण्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती भीतीदायक आहे. जो माणूस दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेला नाही, किंवा ज्याचा बीएमआय सोळाच्या खाली आहे, किंवा जो दारूवरच जगत होता, त्याला आपण अशक्तपणा आहे म्हणून डेक्स्ट्रोज लावतो आणि नातेवाईक वरून ग्लुकोजचं पाणी पाजतात. साखर आली की इन्सुलिन सुटतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धाप, गोंधळलेपणा, ठोके अनियमित. याला रिफीडिंग म्हणतात. अशा रुग्णाला आधी थायमिन, मग जेवण. सुरुवात किलोमागे दहा कॅलरींच्या आसपास, आणि रोज फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियम बघत चार ते सात दिवसांत वाढवत न्यायचं. चाळीस किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी चारशे कॅलरी. नातेवाइकांना हे क्रूर वाटतं, समजावून सांगावं लागतं. पण हा रुग्ण कोण, हे दाखल करतानाच कळलं तरच हे सगळं करता येतं.

चाळणीच्या मर्यादा मला माहीत आहेत. दोन प्रश्नांनी निदान होत नाही, ते काम माझं. काही रुग्ण उगाच अडकतील, मी येऊन ‘काही नाही’ म्हणून परत जाईन, चालेल. मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी ही चाळणी नाही, त्यांचे निकष वेगळे. बेशुद्ध आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला प्रश्न विचारता येत नाहीत, आयसीयूतल्या सगळ्यांना मी जोखमीतच धरते. आणि पहिल्या दिवशी शून्य आलं म्हणून ते कायमचं शून्य नाही. आठवडा झाला की पुन्हा विचारायचं, दर सोमवारी टीपीआर चार्टवर वजन घेताना. त्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या तर विसरणार नाही.

मग सोमवारपासून काय? फीमेल सर्जिकलचा काटा बंद होता, तो मी शनिवारी बदलून घेतला. मेल मेडिकलला काटाच नाही, ओपीडीतला जुना तिथे हलवतो आहोत. त्याचा आकडा शून्यावर येत नसेल तर मला सांगा. प्रत्येक वॉर्डात टीपीआर ट्रेमध्ये एक टेप राहील. बेरीज दोन किंवा जास्त आली की कॉल बुकात पलंग नंबर आणि गुण लिहा, डॉक्टरांच्या सहीची वाट पाहू नका. सकाळी अकराच्या आत लिहिलेलं असेल तर मी त्याच दिवशी येते. ऑपरेशनच्या यादीत नाव असेल तर गुणांशेजारी तारीखही लिहा, म्हणजे मला सर्जनना दिवस मागता येतील.

रविवारी आमच्या विभागातलं कुणी ड्यूटीवर नसतं, हे खरं आहे आणि त्यावर मी प्रशासनाशी भांडते आहे. तोवर शनिवारी रात्री दाखल झालेल्या जोखमीच्या रुग्णाला डॉक्टरांनी तोंडानं खायला परवानगी दिलेली असेल आणि वर सांगितलेली रिफीडिंगची भीती नसेल, तर माझी वाट पाहू नका. नेहमीच्या ताटाबरोबर दोन उकडलेली अंडी सांगा, साधारण बारा ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळतात. अंडं चालत नसेल तर पाव लिटर दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर ढवळून सकाळ-संध्याकाळ. किडनीच्या रुग्णाला मात्र आधी डॉक्टरांना विचारा. डायबेटिस असला तरी ताट अर्धं करू नका, साखर इन्सुलिननं सांभाळता येते. आणि ताट परत जाताना त्यात काय उरलं ते मावशींना विचारून चार्टवर लिहा : पूर्ण, अर्धं, पाव, काहीच नाही. सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा तेच बघणार आहे.

आपली,
आहारतज्ज्ञ, आहार विभाग